प्र: फ्रिजची रात्रीची घरघर

> "रात्री फ्रिज इतका घरघरतो की झोपमोड होते. मोटर गेली का?"

कॉम्प्रेसर बंद होताना शेवटी खडखडला, वर ठेवलेले डबे किणकिणले, तर सोडून द्या. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

फ्रॉस्ट-फ्री असेल तर आवाज चालू असताना फ्रीझरचं दार उघडा. बहुतेक मॉडेलांत आतला पंखा तिथंच थांबतो. दाराचं बटण बोटानं दाबल्यावर आवाज परत आला, तर दोष पंख्याकडचा. पण लगेच पंख्याची मोटर बदलू नका. आमच्याकडे पातं बर्फाला घासत होतं. दिवसभर फ्रिज बंद, दार उघडं ठेवलं, (खाली जुनी चादर!) आवाज गेला. बर्फ वितळूनही किरकिर राहिली, तर बेअरिंग संपलंय.