मदत हवी आहे: दोन्ही डिशमध्ये कॅस्पेज-८ आणि ९ कापलेले, नमुने खरंच अदलाबदल झाले का?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. बेळगावात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला जर्काट पेशी आहेत. एका डिशमध्ये फास रिसेप्टरला चेतवणारी अँटिबॉडी घातली, दुसरीत इटोपोसाइड. माझ्या हिशोबानं पहिलीत मरणाचा निरोप बाहेरून, म्हणजे कॅस्पेज-८ कापलं जाणार. दुसरीत डीएनए तुटून मायटोकॉन्ड्रियामार्गे कॅस्पेज-९. सहा तासांनी वेस्टर्न ब्लॉट केला, तर दोन्हीकडं ८, ९, ३ सगळंच कापलेलं! सर म्हणतात नमुने अदलाबदल केलेस. ट्यूबवर लाल आणि निळ्या मार्करनं मीच लिहिलंय की. सोमवारी वायवा आहे, काय सांगू?

टिळकवाडी_लॅब
फासची डिश बरोबर आहे. जर्काटमध्ये बाहेरचा निरोपही मायटोकॉन्ड्रियातून फिरून जातो, म्हणून ९ दिसतं. पण इटोपोसाइडमध्ये ८ दिसायचं कारणच नाही. तिथं पिपेटचं टोक बदलायला विसरला असशील.

निपाणीचा_नाना
आमच्याकडं तंबाखूवर मोझॅकचा विषाणू आला की काही जातींत पानावर फक्त बारके वाळके ठिपके पडतात, बाकी पान हिरवंगार. रोग पसरू नये म्हणून पेशी स्वतःच मरतात म्हणे. तेच का हे?

जुनी_पिपेट
नाना, कल्पना तीच, पण हत्यार वेगळं. झाडांत कॅस्पेज नसतात. त्यांचे मेटाकॅस्पेज कापतात ते आर्जिनिन किंवा लायसिनपाशी, आपले कॅस्पेज ॲस्पार्टेटपाशी.

आता पोरा, तुझं. टिळकवाडीकर अर्धे बरोबर आहेत. फासला अँटिबॉडी चिकटली की ८ जागं होतं आणि ३ ला थेट कापू शकतं. थायमसच्या पेशींत तेवढं पुरतं. जर्काटमध्ये रिसेप्टरपाशी ८ कमी जमतं, आणि अर्धवट कापलेल्या ३ ला एक्सआयएपी नावाचं प्रथिन धरून बसतं. मग ८ दुसरी वाट धरतं. ते बिडला कापतं, बिडचा तुकडा मायटोकॉन्ड्रियावर जातो आणि बॅक्स-बॅक बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. सायटोक्रोम सी बाहेर येऊन अपॅफ-१ चं सात पाकळ्यांचं चक्र जुळवतं, त्यावर ९ बसतं. त्याच भोकांतून स्मॅकही येतं आणि एक्सआयएपीची पकड सोडवतं. बिड नसलेल्या उंदरांना फासची अँटिबॉडी टोचली तर यकृत बहुतेक वाचतं, थायमसच्या पेशी मात्र मरतातच. एकच निरोप, पण कुठल्या पेशीला मायटोकॉन्ड्रिया लागतो ते असं ठरतं.

इटोपोसाइडमध्ये ८ दिसतं कारण साखळी उलटी येते. ९ नं ३ ला कापलं, ३ नं ६ ला, आणि ६ नं ८ ला. कापलेला बँड क्रम सांगत नाही. सहा तासांनी बघणं म्हणजे जत्रा उठल्यावर आधी कोण आलं विचारणं.

९ चा बँडही नीट बघ. चक्रावर बसून ९ स्वतःला कापतं तेव्हा तुकडा ३५ किलोडाल्टनचा, ३ नं मागून कापलं तर ३७ चा. म्हणजे “९ कापलं की मायटोकॉन्ड्रिया आला” हेही पक्कं नाही.

खानापूरचा_पोरगा
माझ्या दहा टक्क्याच्या जेलवर ३५-३७ चा एकच जाड गोळा आहे. पण एक, दोन, चार तासांचे लायसेट फ्रीजरात आहेत!

टिळकवाडी_लॅब
बारा टक्क्याचं जेल घे, जास्त वेळ चालव. पिपेटचे शब्द मागे घेतो.

खानापूरचा_पोरगा
काल रात्री चालवलं. फासमध्ये एका तासाला ८ चे ४३-४१ चे तुकडे फिके, ९ अजून अख्खं. दोन तासांना ९ आणि ३ सुरू. इटोपोसाइडमध्ये चार तासांना ९ आणि ३ कापलेले, ८ अख्खं. म्हणजे मार्कर बरोबरच होता. पण सर आता म्हणतात, औषधानं पेशी स्वतःच फास लिगंड बनवत असतील, त्यानं उशिरा ८ कापलं असेल.

जुनी_पिपेट
हा वाद खरा आहे, सर उगाच म्हणत नाहीत. काहींना तसं दिसलं, काहींना नाही. फासला फक्त अडवणारी अँटिबॉडी इटोपोसाइडसोबत घाल. ८ तरीही कापलं गेलं तर लिगंडचा संबंध नाही. आणि बीसीएल-२ जास्त बनवणारी जर्काट मिळाली तर फासमध्ये ३ वीस किलोडाल्टनच्या आसपास अडकून पडतं का बघ. तिथं एक्सआयएपीची पकड उघडी दिसते. सोमवारपर्यंत दोन्ही होणार नाहीत, पहिलं कर.

निपाणीचा_नाना
ठिपक्यांचा फोटो पाठवू का?