मदत हवी आहे: अ‍ॅओर्टाची रिंग अ‍ॅसिटाइलकोलीनला सैल पडतच नाही

अडकलेला_एमफार्म: शुक्रवारी गाइडना ग्राफ दाखवायचाय आणि तीन दिवस झाले रिंग मस्त आकसते पण अ‍ॅसिटाइलकोलीन टाकलं की ढिम्म हलत नाही, नवी बाटली फोडली तरी तेच. नायट्रिक ऑक्साइड तयारच होत नाहीये का? लवकर सांगा प्लीज.

बेंचवरचा: कुठला प्राणी? आकसवलीस कशाने? आणि रिंग तारेवर कशी चढवलीस?

अडकलेला_एमफार्म: रॅट. फिनाइलएफ्रिन 1 मायक्रोमोलर, बाकी नेहमीचंच, क्रेब्स, 37 डिग्री, कार्बोजेन. आत रक्ताची गुठळी होती ती चिमट्याने खरवडून काढली.

सायली_२२: नायट्रिक ऑक्साइड म्हणजे तोच ना दाताच्या डॉक्टरकडचा हसवणारा गॅस?

बेंचवरचा: तो नायट्रस, वेगळा. आणि एमफार्म, गुठळी नाही, तू आतलं अस्तर, एंडोथेलियमच खरवडून काढलंस!

डोसवाला: असं काही नसतं, अ‍ॅसिटाइलकोलीन स्नायूला थेट सैल करतं. डोस दहापट कर.

बेंचवरचा: नको रे बाबा, आतलं अस्तर गेलेली रिंग मोठ्या डोसला उलट आणखी आकसेल. फर्चगॉट यांचं 1980 चं काम बघ. सशाच्या अ‍ॅओर्टाची आतली बाजू घासली गेली की सैल पडणं बंद. मग त्यांनी घासलेल्या पट्टीला अस्तर शाबूत असलेली पट्टी आतून चिकटवली, तर घासलेलीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरून शेजारच्या स्नायूत जातंय. ते नायट्रिक ऑक्साइड निघालं. त्याला दार लागत नाही, पेशीच्या पडद्यातून सरळ आरपार जातं. स्नायूत जाऊन सायक्लिक जीएमपी वाढवतं, त्याने स्नायू सैल पडतो, पण नायट्रिक ऑक्साइड स्वतः टिकतं जेमतेम काही सेकंद.

डोसवाला: ठीक आहे, पण आमच्या लॅबमध्ये डोस वाढवूनच काम झालं होतं.

बेंचवरचा: अस्तर शाबूत असेल तुमचं.

नाना_सातारकर: माझी अँजिओप्लास्टी झालीय, छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतो. तीच गोळी विरघळवून टाका की त्या नळीवर!

बेंचवरचा: नाना, अगदीच चुकीचं नाही हो. गोळी नको, पण सोडियम नायट्रोप्रसाइड टाकून बघायचं, ते स्वतःच नायट्रिक ऑक्साइड देतं, अस्तर लागत नाही. त्याने सैल पडली तर स्नायू ठीक, दोष अस्तरात.

अडकलेला_एमफार्म: टाकलं! पार खाली आली!! मग नवी रिंग लावली, गुठळीला हातच लावला नाही, अ‍ॅसिटाइलकोलीनने निम्मीच सैल पडली.

बेंचवरचा: गुठळी तशीच ठेवलीस? हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड पटकन गिळतं. खरवडू नकोस, क्रेब्सची हलकी धार सोडून धू.

डोसवाला: किंवा रॅट म्हातारा असेल. वय किती?

अडकलेला_एमफार्म: वय रजिस्टरमध्ये बघावं लागेल. उद्या धुऊन परत लावतो.