मदत हवी आहे: मिनिमम कट 1000 वेळा चालवूनही चुकतोच

नवशिका_नोड:
ग्लोबल मिनिमम कटसाठी, म्हणजे ग्राफचे दोन तुकडे करायला कमीत कमी किती एज तोडाव्या लागतात ते काढायला, कार्गरची (1993) पद्धत लिहिली आहे. रँडम एज उचलायची, तिची दोन टोकं मर्ज करायची, दोनच नोड उरले की मधल्या एज मोजायच्या. तपासायला ग्राफ स्वतःच बनवला: 20-20 नोडचे दोन घोळके, घोळक्यात प्रत्येक नोडला 6 एज आणि दोन घोळक्यांमध्ये फक्त 3. म्हणजे उत्तर 3 यायला हवं. 1000 फेऱ्यांनंतरही 6 च येतंय.

आणि मुळातलंच कळलेलं नाही. एका फेरीच्या यशाची खात्री 780 मध्ये 1 इतकीच. असली कमकुवत फेरी पुन्हा पुन्हा चालवून भरवसा कुठून येतो?

अर्धवटराव:
780 मध्ये 1 असेल तर 780 वेळा चालव, एकदा तरी मिळणारच. सोपं आहे की!

रस्तेवाला:
माझंही असंच काम आहे. रस्त्यांच्या जाळ्यात एका गोदामापासून एका बाजारापर्यंतची वाट तोडायला कमीत कमी किती रस्ते बंद करावे लागतील, हे काढायचं आहे. हीच पद्धत वापरू का?

जुनी_जाणती:
रस्तेवाला, तुमची दोन टोकं ठरलेली आहेत, तेव्हा तुम्हाला मॅक्स फ्लोची पद्धतच हवी. इथे कुठलेही दोन तुकडे चालतात, आणि सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

तो असा. सर्वांत लहान कट k एजचा असेल, तर कुठल्याही नोडला k पेक्षा कमी एज असूच शकत नाहीत, नाहीतर तो एकटा नोड वेगळा काढून आणखी लहान कट मिळाला असता. म्हणून n नोड असताना एकूण एज किमान nk/2, आणि रँडम एज नेमकी त्या k पैकी निघण्याची शक्यता जास्तीत जास्त 2/n. मर्ज झालेल्या नोडलाही हेच लागू. 40 नोडला पहिल्या पावलाचा धोका फार तर 5 टक्के, पण तीनच नोड उरले की तो दोन तृतीयांशापर्यंत जातो. सगळ्या पावलांचे वाचण्याचे अपूर्णांक गुणले की मधले कटत जातात आणि 2/(40·39), म्हणजे 1/780 उरतो.

अर्धवटराव, 780 फेऱ्यांनी "मिळणारच" होत नाही. प्रत्येक फेरी हुकण्याची शक्यता 779/780 धरली, तर 780 फेऱ्या सलग हुकण्याची शक्यता सुमारे 37 टक्के राहते. 2900 फेऱ्यांनी ती अडीच टक्क्यांखाली येते, 5000 ला हजारात दोनाहूनही कमी. फेऱ्यांची सरासरी काढायची नाही, सर्वांत लहान उत्तर ठेवायचं, त्यामुळे एक चांगली फेरी पुरते. मात्र फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. नवशिका, फंक्शनची सुरुवात दाखव बघू.

नवशिका_नोड:
```python
def trial(edges):
    random.seed(7)
    random.shuffle(edges := edges[:])
```

जुनी_जाणती:
सापडलं. seed फंक्शनच्या आत आहे, त्यामुळे दर फेरीला तेच रँडम आकडे येतात. म्हणजे तू एकच फेरी 1000 वेळा चालवलीस! तुझी 6 म्हणजे प्रत्येक वेळी तोच एक नोड एकटा पडतोय. seed लूपच्या बाहेर काढ आणि प्रत्येक फेरीचं उत्तर छाप. सगळी सारखीच आली तर संशय घ्यायचा.

नवशिका_नोड:
ताई, जमलं! 1000 पैकी 143 वेळा 3 आले. पण 780 मध्ये 1 चं काय झालं?

जुनी_जाणती:
ती खालची हमी आहे, अंदाज नव्हे. प्रत्येक नोडला जेमतेम 3 एज असतील असं धरून ती काढली. तुझ्या ग्राफमध्ये 123 एज आहेत, त्यामुळे पहिल्या पावलाचा धोका 3/123, अडीच टक्क्यांच्या आत. हमी सैल नाही हे पाहायचं तर 40 नोडचं एक कडं घे. त्यात 780 मिनिमम कट आहेत आणि प्रत्येक येण्याची शक्यता बरोबर 1/780. गंमत म्हणजे तिथे फेरी कधी हुकतच नाही, कुठला ना कुठला मिनिमम कट मिळतोच.

अर्धवटराव:
मग धोका शेवटीच जास्त असेल तर सगळं पहिल्यापासून कशाला चालवायचं? शेवटचाच भाग जास्त वेळा चालवा.

जुनी_जाणती:
हे मात्र नेमकं बोललात. कार्गर आणि स्टाइन यांनी तेच केलं. 40 वरून 29 नोडपर्यंत कट शाबूत राहण्याची शक्यता किमान 52 टक्के, तेव्हा तिथवर दोनदा जायचं आणि प्रत्येकाचं पुढे पुन्हा तसंच.

नवशिका_नोड:
आणखी एक. वर्गमित्राच्या कोडमध्ये याच ग्राफचं उत्तर 2 येतंय. त्याचं नशीब जास्त चांगलं म्हणायचं का?

जुनी_जाणती:
नशिबाने उत्तर खऱ्यापेक्षा मोठं येऊ शकतं, लहान कधीच नाही, कारण प्रत्येक फेरी खराखुरा कटच देते. तो बहुधा शेजारी set मध्ये ठेवतोय आणि मर्ज करताना दुहेरी एज हरवतायत. कोड न बघता पैज लावणार नाही.

नवशिका_नोड:
त्याला विचारतो. पण खरं उत्तर आधी माहीत नसलेल्या ग्राफवर 3 हेच शेवटचं, हे कसं ओळखायचं?

जुनी_जाणती:
या पद्धतीने ओळखता येत नाही, फक्त हुकण्याची शक्यता कमी करत नेता येते. खात्रीच हवी तर त्याच ग्राफवर स्टोअर-वॅग्नर ही रँडम नसलेली पद्धत चालवून पडताळ.