मदत हवी आहे: लघुप्रबंधाच्या प्रकरणांचे वेळापत्रक कसे आखावे?

नमस्कार. मी वडोदऱ्यात एम. ए. करीत असून, सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर लागू केलेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर लघुप्रबंध लिहीत आहे. 5 प्रकरणांसाठी 16 आठवडे उरले आहेत. मार्गदर्शक मॅडमकडून खर्डा परत यायला 2 आठवडे लागतात; प्रत्येकी 2 फेऱ्या धरल्या, तर एकेक प्रकरण देत गेल्यास वाट पाहण्यातच 20 आठवडे जातील. म्हणून पहिले प्रकरण त्यांच्याकडे असतानाच दुसरे लिहिले. पण ‘अमरेलीतला 1893 चा प्रयोग आधी मांडा’ असा शेरा आला आणि दुसऱ्याची निम्मी मांडणी मोडावी लागली. पूर्ण खर्ड्याआधी प्रत्येक प्रकरणाचा 2 पानी आराखडाच मंजूर करून घ्यावा का? तसे केलेल्यांनी कृपया सांगावे.