जाहिरातीतच प्रश्न विचारलेले असतील, तर अर्जात उत्तरे कशी दिलीत?

वेर्ण्यातील एका औषध कंपनीने केमिस्टच्या जागेसाठी जाहिरात दिली असून अर्जाच्या पत्रातच तीन उत्तरे मागितली आहेत: एचपीएलसीवर स्वतः कोणते काम केले, रात्रपाळी चालेल का, आणि अपेक्षित पगार किती व रुजू कधी होणार. अशी पत्रे लिहिलेल्यांनी आपले अनुभव सविस्तर सांगावेत, ही विनंती.

मडगाव: मी अशा अर्जांची पहिली छाननी बरीच वर्षे केली. तेव्हा आम्ही प्रश्नांचा कागद शेजारी ठेवून उत्तरे शोधत असू, आणि 'सविस्तर माहिती बायोडेटात आहे' असे लिहिलेले पत्र बहुधा तिथेच बाजूला पडत असे. म्हणून दोन ओळींची प्रस्तावना झाली की जाहिरातीतल्याच क्रमाने, प्रत्येक प्रश्नाला वेगळा परिच्छेद द्यावा. 'एचपीएलसीचा अनुभव आहे' एवढ्यावरून काही कळत नाही. 'गोळ्यांच्या अॅसे आणि डिझोल्यूशनचे नमुने मी स्वतः चालवतो, मेथड व्हॅलिडेशनमध्ये मात्र केवळ मदत केली आहे' हे वाक्य उपयोगाचे, कारण मुलाखतीतला पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

फोंडा: पगाराचा आकडा कधीच लिहू नये, 'चर्चेने ठरवू' असे लिहावे. मला त्यानेच फायदा झाला.

मडगाव: प्रश्न विचारलेला नसेल तर तुमचे म्हणणे मला मान्य आहे. स्पष्ट विचारल्यावर आकडा टाळला, तर ते उत्तर न दिल्यासारखेच होते. मात्र तो आकडा कशाचा, हे लिहायलाच हवे. समजा मूळ पगार २०,००० आणि भत्ते १२,००० आहेत. मूळ पगारावर १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये भविष्य निर्वाह निधीत जाऊन हातात २९,६०० येतात. कंपनीही तेवढाच वाटा भरत असेल, तर तिच्या हिशेबात खर्च किमान ३४,४०० होतो. नुसते 'बत्तीस हजार' लिहिले, तर दोन्ही बाजू वेगवेगळे समजू शकतात.

पेडणे: माझ्या भावाने सरकारी जागेसाठी अर्ज केला होता, त्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान विचारले होते. ते पत्रात लिहायचे का?

मडगाव: तो ठरावीक अर्ज असतो, दाखलाच जोडावा लागतो, इथला विषय वेगळा आहे.

वास्को: रात्रपाळीबद्दल मी 'हो' लिहिले आणि पुढे जोडले की कंपनीची बस आमच्या भागात येत नसल्यास रात्री घरी परतायची सोय हवी. मुलाखतीला बोलावले आणि पहिली चर्चा बसच्या मार्गावरच झाली. रुजू होण्याबाबत 'लगेच' न लिहिता, नोटीस दोन महिन्यांची असून शिल्लक रजा वजा करून घेतली जाईल की नाही हे अजून विचारायचे आहे, असे लिहिले होते.

फोंडा: पण आकडा लिहिल्यावर त्याहून जास्त द्यायला कोण तयार होईल? या शंकेचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.