मदत हवी आहे: मटार ताजे ४०, फ्रोझन १८, डबाबंद साडेनऊ, मग फ्रोझन ‘ताज्याइतकेच’ कसे?

उनाडपाखरू
नमस्कार मंडळी. आमच्या घरी भाजी आठवड्यातून एकदाच आणली जाते आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत पुरवावी लागते. म्हणून काही भाज्या फ्रोझन किंवा डबाबंद घ्याव्यात का, असा विचार चालू आहे. जिकडे वाचावं तिकडे ‘फ्रोझन भाजी ताज्याइतकीच पौष्टिक’ असं लिहिलेलं असतं. खात्री करायला अमेरिकेच्या कृषी खात्याचा पोषणतक्ता उघडला. त्यात मटारांचं ‘क’ जीवनसत्त्व दर १०० ग्रॅमला असं दिलंय: कच्चे ताजे ४० मिग्रॅ, पिशवीतले फ्रोझन १८, पाणी काढलेले डबाबंद ९.६. ४० आणि १८ ‘इतकेच’ कसे होतात? तक्ता चुकीचा, लेख चुकीचे, की मी चुकीच्या ओळी बघतोय?

पाचूचंबेट
लेख बरोबर आहेत. मळ्यातून काढल्यावर काही तासांत मटार गोठवतात आणि एकदा गोठले की सगळं जागच्या जागी थांबतं. फ्रोझनमधून काहीही जात नाही. उलट ताजी म्हणून येते ती भाजी ट्रकमध्ये आणि गोदामात किती दिवस काढून आलीय ते कुणालाच माहीत नसतं. मी तर डोळे मिटून फ्रोझन घेते.

उनाडपाखरू
पाचूताई, काहीच जात नसेल तर ते १८ कुठून आले? अर्ध्याहून जास्त गेलंय की.

तिरपागडा
डब्यात प्रिझर्व्हेटिव्ह ठासून भरलेलं असतं, जीवनसत्त्वांचं काय घेऊन बसलात!

दवबिंदू
मी बरीच वर्षं भाज्या गोठवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिरपागडा, डबा टिकतो तो उष्णतेमुळे. हवाबंद केल्यावर तो दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. आत जिवंत काही उरत नाही आणि बाहेरचं आत जात नाही, त्यामुळे मटारांना प्रिझर्व्हेटिव्हची गरज पडत नाही. मीठ मात्र बऱ्याचदा भरपूर असतं, ती तक्रार रास्त आहे.

आता १८ चं. पाचूचंबेट यांचं ‘काही तासांत गोठवतात’ हे खरं, ‘काहीही जात नाही’ हे नाही. गोठवण्याआधी मटार दीड-दोन मिनिटं जवळपास उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात आणि लगेच गार करतात. याला ब्लांचिंग म्हणतात. दाण्यातली विकरं मारण्यासाठी ते करावंच लागतं. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं मोडतं, त्यामुळे मोठा फटका इथेच बसतो. वाफेवर केलं तर कमी, पाण्यात केलं तर जास्त, आणि गार करायच्या पाण्यातही थोडं निघून जातं. पुढे उणे १८ अंशांवर झीज अगदी सावकाश होते, पण थांबत नाही. वर्षभर ठेवलेल्या पिशवीत ती चांगली जाणवण्याइतकी होते.

आणि उनाडपाखरू, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही कच्च्या दाण्याची तुलना अर्धवट शिजलेल्या आणि पूर्ण शिजलेल्या दाण्याशी करताय. त्याच तक्त्यात उकडून पाणी काढलेल्या मटारांच्या ओळी शोधा बरं.

उनाडपाखरू
सापडल्या! ताजे उकडलेले १४.२, फ्रोझन उकडलेले ९.९. डबाबंद आहेतच शिजलेले, ९.६. म्हणजे ४० विरुद्ध १८ चा सामना ताटात १४ विरुद्ध १० होतो?

दवबिंदू
तेच. तरीही ताजे पुढे आहेत. पण हा ‘ताजा’ तक्त्यातला आहे, तुमच्या फ्रीजमधला नाही. तो आठवडाभर ठेवून मग मोजलेला नाही.

बरोबरी कुठे होते ते काढू. ९.९ भागिले १४.२ म्हणजे साधारण ०.७. शिजवताना होणारं नुकसान त्याच प्रमाणात धरलं, तर पातेल्यात पडण्याआधी ताज्या मटारांनी आपल्या ‘क’ पैकी ३० टक्के गमावलं की ते फ्रोझनच्या पातळीवर येतात. त्याहून जास्त गमावलं तर मागे पडतात.

आता साठवणीचं. मटार ४ अंशांवर आठवडाभर ठेवले तर सुमारे १५ टक्के जातं, २० अंशांवर तेवढ्याच दिवसांत सुमारे ६० टक्के. म्हणजे काढल्यापासून थंड राहिलेले, आठवड्याने उकडलेले मटार १२ मिग्रॅच्या आसपास, अजून फ्रोझनच्या वरच. उबेत राहिलेले साडेपाच-सहा, म्हणजे डबाबंदच्याही खाली. दिवस मोजण्यापेक्षा ते दिवस किती अंशांत गेले हे विचारा.

गणितवेडी
दवबिंदूकाका, हिशेब आवडला, पण दोन खटकणाऱ्या गोष्टी. एक, या ओळी वेगवेगळ्या नमुन्यांच्या आहेत. एकाच शेतातले मटार तीन वाटांनी नेऊन मोजलेले नाहीत. गोठवायला बहुधा वेगळं वाण लावतात, काढणीची वेळही वेगळी. मग १४.२ आणि ९.९ मधला फरक प्रक्रियेचा की वाणाचा, हे कसं ठरवायचं? दोन, ‘दर १०० ग्रॅम’ हे मापच निसरडं. दाणा पाणी प्यायला की जीवनसत्त्व न जाताही आकडा उतरतो.

दवबिंदू
दोन्ही मुद्दे मान्य. पहिल्यावर या तक्त्यातून उत्तर निघत नाही. म्हणून ३० टक्क्यांना अंदाजाची रेघ समजा, दगडावरची नाही.

दुसऱ्यावर उपाय आहे. एकच ढीग घ्यायचा, आधी आणि नंतर दोन्ही वेळा वजन करायचं, आणि एकूण मिलिग्रॅमची तुलना करायची. समजा ५०० ग्रॅम फ्रोझन मटार, दर शंभरी १८, म्हणजे एकूण ९० मिग्रॅ. उकडून निथळल्यावर वजन ४८० ग्रॅम भरलं आणि दर शंभरी ९.९ मिळाले, तर एकूण सुमारे साडेसत्तेचाळीस. उरलं ५३ टक्के. वजन न करता नुसतं ९.९ ला १८ ने भागलं असतं तर ५५ आले असते. इथे फरक किरकोळ आहे, पण पालकासारखी भाजी शिजून एवढीशी होते तेव्हा तो मोठा होतो.

काही अभ्यासांत सुक्या वजनावर आकडे देतात, तिथेही सांभाळा. डब्याच्या पाण्यात साखर आणि क्षार उतरतात, सुकं वजनच घटतं, आणि न विरघळणारं कॅरोटिन ‘१०० टक्क्यांहून जास्त टिकलं’ असं दिसतं. ते वाढलेलं नसतं, भाजक लहान झालेला असतो.

सांजसावली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? मी हंगामात मटार सोलून तसेच पिशव्यांत भरून फ्रीझरला टाकते. दोन-तीन महिन्यांनी त्यांना गवतासारखा वास येतो आणि रंगही मळकट होतो. फ्रीझर बिघडलाय का?

दवबिंदू
सांजसावलीताई, फ्रीझरपेक्षा सुटलेल्या ब्लांचिंगचा संशय जास्त. विकरं थंडीत मरत नाहीत, नुसती मंदावतात. तो गवताचा वास त्यांच्याच कामाचा, आणि त्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्वही जात राहतं. कारखान्यात आम्ही दाणे ठेचून त्यावर ग्वायाकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचो. लालसर तपकिरी रंग चढला की समजायचं, विकर अजून जिवंत आहे, वेळ कमी पडला. घरी ही चाचणी नको. भरपूर उकळत्या पाण्यात थोडे थोडे दाणे दीड-दोन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, निथळून कोरडे, मग पिशवीत. सुरुवातीला थोडं जाईल, पण उरलेलं टिकेल.

पाचूचंबेट
बरं, ‘काहीही नाही’ मागे घेतलं. पण पालकाचं काय? तिथेही ताजा पुढे म्हणाल तर मी मानणार नाही.

दवबिंदू
नका मानू, तिथे तुमचीच बाजू भक्कम आहे. पालक ४ अंशांवर ठेवूनही आठवड्यात ‘क’ पैकी पाऊण भाग गमावतो. त्यातलं फोलेट ४ अंशांवर आठ दिवसांत जवळपास निम्मं होतं, २० अंशांवर तेवढंच चार दिवसांत. पान म्हणजे नुसता पृष्ठभाग, आणि ते काढल्यावरही श्वास घेत राहतं. आठवड्याच्या शेवटी शिजवायचा पालक फ्रोझनच घ्यावा. गाजराची गोष्ट उलटी आहे. ते थंडीत फारसं काही गमावत नाही, आणि त्यातलं कॅरोटिन डब्यातही चांगलं टिकतं.

उनाडपाखरू
म्हणजे ‘ताजं की फ्रोझन’ हे भाजीगणिक ठरवायचं. पालक फ्रोझन, गाजर ताजं, मटार फ्रीजमध्ये असले तर ताजे चालतील. पण फ्रोझनची साखळी वाटेत तुटली होती का, हे घेताना कसं कळणार?

दवबिंदू
पिशवी हलवून बघा. दाणे सुटे खुळखुळले तर ठीक. एकच गठ्ठा झाला असेल, किंवा आत बर्फाचा थर जमला असेल, तर ते वाटेत वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता मोठी. उलट खात्री मात्र देता येत नाही. उणे १८ ऐवजी उणे १० वर महिने काढलेली पिशवीही सुटी खुळखुळते, आणि झीज तिथे कितीतरी जास्त असते.

गणितवेडी
डब्यातल्या पाण्याचा हिशेब राहिला. निथळलेले दाणे ९.६, मग पाण्यात किती?

दवबिंदू
तक्त्याच्या या ओळीत ते नाही. पण विरघळणाऱ्या गोष्टी दाणा आणि पाणी यांत जवळपास सारख्या दाटीने पसरतात, आणि मटारांच्या डब्यात साधारण एक तृतीयांश वजन पाण्याचं असतं. तेव्हा पाणी ओतून दिलं की डब्यातल्या ‘क’ पैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेलं असं धरा. मीठही त्याच प्रमाणात जातं, म्हणून रक्तदाबवाल्यांनी ते ओतलेलंच बरं. बाकीच्यांनी मीठ न घातलेला डबा घेऊन पाण्यासकट वापरावा, आणि पुन्हा उकळत बसू नये, फक्त गरम करावा.

सांजसावली
आणि फ्रोझन मटार आधी बाहेर काढून वितळवायचे की थेट टाकायचे?

दवबिंदू
थेट. वितळताना जे पाणी सुटतं त्यातही जीवनसत्त्व असतं. ते एकदा शिजून आलेले आहेत, त्यामुळे ताज्याहून निम्मा वेळ पुरतो. पाणी जेमतेम घाला आणि झाकण ठेवा.

उनाडपाखरू
फरसबीबद्दल कुणाकडे आकडे आहेत का? ती फ्रीजमध्येही लवकर उतरते असं वाचलंय, आणि आमच्याकडे तीच सगळ्यात जास्त येते.

गणितवेडी
माझ्या वाचनात एक उलटा आकडा आहे: आठवडाभरात ४ अंशांवर ७७ टक्के गेलं, २० अंशांवर ५५ च. फरसबीला फार थंडी सोसत नाही हे खरं, पण एवढा उलटफेर त्यानेच होतो का याबद्दल मला शंका आहे. काका, तुम्ही कधी मोजलंय?

दवबिंदू
साठवलेली ताजी फरसबी नाही मोजली, आमच्याकडे ती आली त्या दिवशीच गोठायची. कुणी मोजली असेल तर इथे लिहा.