डेल्टा बाजूच्या दोनच लाइनमध्ये फॉल्ट करंट: मदत हवी आहे

आमच्या ३३/११ केव्ही, डीवायएन११ ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्ही बाजूला आर फेजचा अर्थ फॉल्ट झाला, तेव्हा न्यूट्रल सीटीवर १८०० अँपिअर दिसले. व्होल्टेजच्या ३:१ प्रमाणाने डेल्टा बाजूला ६०० अँपिअर येतील असे वाटले होते. रिलेने मात्र आर आणि वाय लाइनमध्ये साधारण ३४६, तेही परस्परविरुद्ध दिशेने नोंदवले, आणि बी लाइनमध्ये केवळ लोड करंट राहिला. वाइंडिंगचे गुणोत्तर ३३ : ६.३५, म्हणजे ५.२ धरल्यास ३४६ जुळतात. ३३ केव्हीच्या अर्थ फॉल्ट रिलेला यातले काहीच दिसत नाही. मग २०० अँपिअर पिकअपचा ओव्हरकरंट रिले १.७ पटीवर उशिरा चालणार असेल, तर बॅकअपसाठी न्यूट्रलच्या स्टँडबाय अर्थ फॉल्ट रिलेवरच भिस्त ठेवावी का?